धडधड कशाची आणि आपण समजतो कशाची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावनांचा दोन घटकांचा सिद्धांत नेमका म्हणतो काय?

स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६२ साली तो मांडला. त्यांचं म्हणणं असं की भावना तयार व्हायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे शरीर चाळवलं जाणं, म्हणजे हृदयाचे ठोके वाढणं, हात थरथरणं, श्वास जोरात चालणं वगैरे. आणि दुसरी म्हणजे "हे कशामुळे होतंय" याचं आपण स्वतःला दिलेलं उत्तर. धडधड सांगते की भावना किती जोरात आहे, आणि ती राग आहे की भीती की आनंद की प्रेम हे आपण आजूबाजूला बघून ठरवतो. आता हे उत्तर आपण बहुतेक वेळा नकळत, क्षणात देऊन टाकतो, त्यामुळे ते चुकूही शकतं. धडधड एका कारणाने सुरू झाली आणि आपण ती दुसऱ्याच्या खात्यावर मांडली, की त्याला मिसअ‍ॅट्रिब्यूशन म्हणतात. या पानावर मुख्यतः त्याबद्दलच आहे, आणि त्यातही ही चूक *कधी* होते याबद्दल जास्त, कारण लोकांना झुलत्या पुलावरच्या प्रयोगाची गोष्ट माहीत असते, ती पुढे येईलच, पण वेळेची गोष्ट कोणी सांगत नाही.

पण आपलंच शरीर, आपल्यालाच कसं कळत नाही की धडधड कशामुळे आहे?

कारण धडधडीवर नाव लिहिलेलं नसतं. जिना चढलात, कोणी ओरडलं, आवडती व्यक्ती अचानक समोर आली, स्ट्राँग कॉफी प्यायलात, या सगळ्यात हृदयाचा वेग वाढतो आणि आतून जे जाणवतं ते बरंचसं सारखंच असतं. अगदी तंतोतंत सारखं असतं असं मी म्हणणार नाही. पॉल एकमन, रॉबर्ट लेव्हन्सन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की रागात बोटांचं तापमान भीतीपेक्षा जास्त वाढतं, म्हणजे शरीरात थोडा फरक असतो. पण स्वतःच्या बोटांचं तापमान बघून "अच्छा, म्हणजे मला राग आलाय" असं कोणी ठरवत नाही. आपल्याला जाणवतो तो मोठा, ढोबळ बदल, आणि त्याचं कारण आपण बाहेर शोधतो.

१९६२ चा मूळ प्रयोग काय होता?

मिनेसोटा विद्यापीठातल्या १८४ पुरुष विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं की "सुप्रॉक्सिन" नावाच्या एका व्हिटॅमिनचा नजरेवर काय परिणाम होतो ते आम्ही बघतोय. असं व्हिटॅमिन अस्तित्वातच नव्हतं. काहींना इंजेक्शनमधून अ‍ॅड्रेनलिन दिलं, ज्याने काही मिनिटांत ठोके वाढतात आणि हात थरथरतात, आणि काहींना नुसतं सलाइन. ज्यांना अ‍ॅड्रेनलिन दिलं त्यातल्या काहींना खरं सांगितलं की धडधड होईल, काहींना काहीच सांगितलं नाही आणि काहींना मुद्दाम चुकीचं सांगितलं की पाय बधिर होतील, खाज येईल, डोकं थोडं दुखेल. मग त्यांना एका खोलीत दुसऱ्या एका माणसाबरोबर बसवलं जो खरं तर संशोधकांचाच माणूस होता. कुठे तो कागदाची विमानं उडवून, हुला हूप फिरवून धमाल करायचा, तर कुठे अपमानास्पद प्रश्नांचा एक फॉर्म भरता भरता चिडत जायचा आणि शेवटी फॉर्म फाडून टाकायचा.

अपेक्षा अशी होती की ज्यांना धडधडीचं खरं कारण माहीत नाही ते त्या माणसाची भावना उचलतील आणि ज्यांना माहीत आहे ते शांत राहतील. धमालवाल्या खोलीत लोकांनी स्वतःच्या आनंदाला दिलेले सरासरी आकडे असे आले: खरं सांगितलेल्यांचा ०.९८, काहीच न सांगितलेल्यांचा १.७८, चुकीचं सांगितलेल्यांचा १.९०. हे बघून सिद्धांत एकदम बरोबर वाटतो, आणि बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात.

पण सलाइनवाल्यांचा आकडा होता १.६१. ज्यांना अ‍ॅड्रेनलिन दिलंच नव्हतं ते जवळजवळ तेवढेच खूश होते! म्हणजे अज्ञानी गट फार वर गेला असं नसून, खरं कारण माहीत असलेला गट खाली राहिला. मला या प्रयोगातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. "ही धडधड इंजेक्शनची आहे" एवढं कळलं की ती धडधड भावनेच्या हिशोबातून वजा होते. धडधडीतून हवी ती भावना तयार करता येते हे या आकड्यांनी नीट सिद्ध होत नाही, पण कारण कळल्याने भावना उतरते हे दिसतं, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांना त्याचाच आधार आहे.

आणि पुलाचा प्रयोग?

डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन, १९७४, कॅनडामधला कॅपिलानो झुलता पूल. साधारण ४५० फूट लांब, ५ फूट रुंद, खाली २३० फुटांवर खडक आणि उथळ वाहतं पाणी, आणि चालताना पूल हलतो. तिथे एक तरुणी पुरुषांना थांबवायची, एक चित्र दाखवून त्यावर छोटी गोष्ट लिहायला सांगायची आणि मग कागदाचा कोपरा फाडून त्यावर फोन नंबर लिहून द्यायची की अभ्यासाबद्दल काही विचारायचं असेल तर फोन करा. तुलनेसाठी नदीच्या वरच्या बाजूचा एक भक्कम लाकडी पूल होता, खालच्या उथळ ओढ्यापासून फक्त १० फुटांवर. फोन आल्यावर माणूस कुठल्या पुलावरचा ते कळावं म्हणून दोन पुलांवर तिने नावं वेगवेगळी सांगितली होती. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला, भक्कम पुलावर १६ पैकी २ जणांनी. लिहिलेल्या गोष्टींमध्येही झुलत्या पुलावर लैंगिक छटा जास्त होत्या. विचारणारा पुरुष असला तेव्हा मात्र असा फरक दिसला नाही.

लगेच कोणीही विचारेल की झुलत्या पुलावर जाणारे मुळातच धाडसी असतील, म्हणून फोन केला असेल. ही शंका त्यांनाही आली होती, म्हणून त्यांनी पुन्हा करताना दोन्ही गट झुलता पूल ओलांडणाऱ्यांचेच घेतले, एक पुलावर असतानाच गाठलेला आणि दुसरा पूल ओलांडून थोडा वेळ विश्रांती घेतलेला. फरक तरीही राहिला.

म्हणजे धडधड सगळ्यात जास्त असते तेव्हा चूक होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, बरोबर?

नाही, आणि याचसाठी हे पान लिहायला घेतलं.

जोआन कँटर, डॉल्फ झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी १९७५ मध्ये लोकांना थोडा वेळ व्यायाम करायला लावला आणि नंतरचा वेळ तीन टप्प्यांत वाटला. पहिल्या टप्प्यात शरीर तापलेलं असतं आणि माणसालाही ते माहीत असतं. दुसऱ्यात शरीर अजून पूर्ण शांत झालेलं नसतं, पण माणसाला वाटतं की झालं, आता आपण नॉर्मल आहोत. तिसऱ्यात शरीरही शांत आणि माणूसही. वेगवेगळ्या पुरुषांना या वेगवेगळ्या टप्प्यांत एका कामुक फिल्मचे भाग दाखवले आणि विचारलं की किती उत्तेजित वाटलं.

सगळ्यात जास्त कोणाला वाटलं? मधल्या टप्प्यातल्यांना. पहिल्या टप्प्यात ठोके सगळ्यात जोरात होते तरी परिणाम दिसला नाही, कारण तेव्हा उत्तर हाताशी असतं, "आत्ताच तर व्यायाम केला". धोका असतो तो आपण कारण विसरलेलो असतो पण शरीर विसरलेलं नसतं त्या काही मिनिटांत. झिलमनने याला एक्सायटेशन ट्रान्सफर म्हटलं, म्हणजे आधीच्या उत्तेजनेचा उरलेला भाग पुढच्या भावनेत मिसळणं.

आता कोणी म्हणेल, विसरतो म्हणजे काय, पाच मिनिटांपूर्वीचं कोण विसरतं? घटना विसरत नाही हो, आपण हिशोब बंद करतो. श्वास लवकर जागेवर येतो, घाम पुसला जातो, बसलो, पाणी प्यायलो, आणि या बाहेरच्या खुणा बघून आपण ठरवतो की झालं आता. हृदय मात्र तसं करत नाही, ठोके पहिल्या मिनिटात झपाट्याने उतरतात आणि त्यानंतर हळूहळू, बराच वेळ नेहमीच्या वरच राहतात.

एखादं रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्याल का?

माझंच देते. लिफ्ट बंद होती, पाच मजले चढून ऑफिसमध्ये गेले, उशीरही झाला होता. जागेवर बसले, पाणी प्यायले, लॅपटॉप सुरू होईपर्यंत श्वास शांत झाला. पाचेक मिनिटांनी एका सहकाऱ्याचा मेसेज उघडला, "फाइल अजून आली नाही, कधीपर्यंत मिळेल?" आणि मला असा संताप आला की ही माझ्यावर लक्ष ठेवते का, हिला काय वाटतं मी काम करत नाही, आणि मी चार ओळींचं तिखट उत्तर पाठवलं. छातीत धडधडत होतं आणि ती धडधडच मला पुरावा वाटत होती, की बघ, एवढं लागलंय म्हणजे नक्कीच तिने टोचूनच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी तोच मेसेज वाचला तर अगदी साधा प्रश्न. मला ते इतकं खटकलं की मी त्या दिवशी मुद्दाम जिन्याने चढले आणि मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत बसले. वर पोचल्यावर १३८. दोन मिनिटांनी १०८, आणि तेव्हाच मला आतून पूर्ण शांत वाटत होतं, श्वासाचा आवाजही नव्हता. सहा मिनिटांनी ९४. बारा मिनिटांनी ८०. माझा बसल्या जागेचा नेहमीचा आकडा ७२ च्या आसपास असतो.

म्हणजे सहाव्या मिनिटाला माझ्याकडे वीसेक ठोके जास्तीचे होते ज्यांचा मालक जिना होता, पण जिन्याचा हिशोब मी चार मिनिटं आधीच बंद केला होता. तेवढ्यात मेसेज आला आणि ते ठोके त्याच्या नावावर गेले. मेसेज मी दारातून आत येता येता, धापा टाकत वाचला असता तर कदाचित एवढं झालं नसतं, आणि पंधरा मिनिटांनी वाचला असता तरीही नसतं.

अर्थात एका माणसाने एकदा मोजलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, आणि उशीर झाल्याचा ताणही त्यात होताच. अजून एक, तिच्याबद्दल माझ्या मनात आधीपासून थोडी अढी होती. हे सांगणं गरजेचं आहे कारण पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

म्हणजे तो राग खोटा होता? आणि पुलावरचं आकर्षण खोटं?

खोटा नव्हता, फुगलेला होता. ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांचा १९८१ चा प्रयोग यासाठी फार उपयोगी आहे. पुरुषांना जागच्या जागी धावायला लावलं, काहींना २ मिनिटं आणि काहींना फक्त १५ सेकंद, आणि मग एका तरुणीचा व्हिडिओ दाखवला. एका व्हिडिओत ती आकर्षक दिसत होती, दुसऱ्यात मेकअप, कपडे आणि वागणं मुद्दाम अनाकर्षक केलेलं होतं. जास्त धावलेल्यांना आकर्षक रूप जास्त आवडलं, पण अनाकर्षक रूप मात्र कमी धावलेल्यांपेक्षाही *कमी* आवडलं. म्हणजे धडधड आपोआप प्रेमात बदलत नाही. समोर जे आहे आणि मनात जे आधीपासून आहे, त्याचा आवाज ती वाढवते. त्यामुळे "पहिल्या भेटीला भीतीदायक राइडवर न्या, ती प्रेमात पडेल" हा जो सल्ला फिरतो तो अर्धाच खरा आहे, समोरच्याला तुम्ही आवडत नसाल तर त्याच धडधडीने तुम्ही अजूनच नावडते व्हाल.

सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिक यांचा २००३ चा रोलर कोस्टरचा अभ्यासही असंच काही सांगतो. राइडवरून उतरलेल्यांना एका अनोळखी व्यक्तीचा फोटो जास्त आकर्षक वाटला, पण मुख्यतः त्यांनाच जे जोडीदाराबरोबर बसले नव्हते.

थांबा, पुलावरचे लोक तर पुलावरच होते. त्यांना धडधडीचं कारण डोळ्यासमोर दिसत होतं. मग मधल्या टप्प्याचं काय?

हा आक्षेप अगदी योग्य आहे आणि मला वाटतं पुलाच्या गोष्टीतली खरी अडचण हीच आहे. खाली २३० फूट दरी दिसत असताना "धडधड कशामुळे" हे कोणाला कळणार नाही? त्यामुळे तिथे दुसरी स्पष्टीकरणं दिली गेली. डग्लस केनरिक आणि रॉबर्ट चिआल्डिनी यांनी १९७७ मध्ये म्हटलं की घाबरलेल्या माणसाला दुसरा माणूस जवळ असल्याने हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं त्या व्यक्तीशी जोडलं जातं. पुढे असंही मांडलं गेलं की शरीर चाळवलेलं असलं की जी प्रतिक्रिया त्या क्षणी पुढे असेल तीच जोर धरते, कारण माहीत असो वा नसो. १९९८ मध्ये क्रेग फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा असं निघालं की खरं कारण उघड असतानाही आकर्षणावर परिणाम होतो, फक्त कारण उघड नसताना तो जास्त असतो.

म्हणून मी हे असं समजते: कारण माहीत असणं हे ब्रेकसारखं आहे, गाडीचा वेग कमी होतो पण ती जागच्या जागी थांबते असं नाही.

कोणत्याही धडधडीला कोणतंही लेबल लावता येतं का? म्हणजे भीतीला आनंद म्हटलं की झालं?

शॅक्टर आणि सिंगर यांचं म्हणणं तसंच होतं, आणि तेवढं टोकाचं म्हणणं टिकलं नाही. १९७९ मध्ये गॅरी मार्शल आणि फिलिप झिम्बार्डो यांनी आणि वेगळ्या पद्धतीने क्रिस्टिना मॅस्लाक यांनी तपासलं, तर कारण न कळणारी धडधड लोकांना बहुतेक वेळा अस्वस्थच करते असं दिसलं, शेजारचा माणूस कितीही धमाल करत असला तरी. रायनर रायझनझाइन यांनी १९८३ पर्यंतचं संशोधन तपासून काढलेला निष्कर्षही साधारण हाच, की चुकीच्या खात्यावर गेलेली धडधड भावना *वाढवते* याला आधार आहे, पण भावनेसाठी धडधड लागतेच या दाव्याला फारसा नाही.

लेबल बदलायला जागा असते ती जवळच्या जवळ. स्टेजवर जाण्याआधीची धडधड "मला भीती वाटतेय" आणि "मी एक्सायटेड आहे" या दोन्हींत बसते. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत "मी एक्सायटेड आहे" असं स्वतःला मोठ्याने म्हणणाऱ्यांचं गाणं आणि भाषण जास्त चांगलं झालं. ठोके काही त्याने उतरले नाहीत, त्यांचा अर्थ तेवढा बदलला. पण कोणी जवळचं माणूस गेलंय आणि छाती धडधडतेय, तिथे हे म्हणून काही होणार नाही आणि करूही नये.

आपण चूक करतोय हे त्या वेळी ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त कामाची खूण म्हणजे मापात न बसणं, गोष्ट एवढीशी आणि शरीर एवढं पेटलेलं. तसं वाटलं की मागे मोजायचं: गेल्या पंधरा-वीस मिनिटांत मी काय केलं? धावले, चढले, कॉफी घेतली, कोणाशी वाद झाला, गाडी चालवताना कोणी कट मारला? घड्याळ असेल तर आकडा बघा, नसेल तर मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. "मला शांत वाटतंय" यावर विश्वास ठेवू नका, कारण तेच वाटणं इथे फसवतं.

कारण सापडलं तर ते शब्दांत म्हणा, "हे जिन्याचं आहे". १९६२ मध्ये खरं सांगितलेला गट ज्यामुळे खाली राहिला तेच हे. आणि मग दहा-पंधरा मिनिटांनी तोच मेसेज परत वाचा. राग उतरला तर तो बराचसा उसना होता. जसाच्या तसा राहिला तर मेसेज खरंच वाईट आहे आणि मग त्याला उत्तर देणं रास्तच आहे. ही दुसरी शक्यता विसरू नका, नाहीतर "तुला राग नाही आलाय, तू फक्त जिना चढलीस" असं म्हणून दुसऱ्याचा खरा राग उडवून लावायला हा सिद्धांत वापरला जातो आणि ते मला अजिबात मान्य नाही.

कॉफीच्या बाबतीत एक अडचण आहे, तिचा परिणाम मिनिटांत नाही तर तासांत उतरतो, त्यामुळे पंधरा मिनिटांची परीक्षा तिथे चालत नाही. दुपारभर उगाच काळजी वाटत असेल तर सकाळपासून किती कप झाले ते आधी मोजा.

रात्री झोप येत नाही, धडधडतं आणि वाटतं आयुष्यात काहीतरी बिघडलंय. हे पण तेच का?

असू शकतं. मायकेल स्टॉर्म्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७० मध्ये झोप न येणाऱ्यांना साखरेच्या गोळ्या देऊन काहींना सांगितलं की याने शरीर उत्तेजित होईल. ते लोक उलट लवकर झोपले, कारण बहुधा अस्वस्थपणाचा दोष गोळीला देता आला. फार सुंदर कल्पना आहे, पण नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा तोच निकाल आला नाही, म्हणून यावर उपाय म्हणून मी विसंबणार नाही.

धडधड ही नेहमी कशाचा तरी भावनिक परिणाम असते का?

नाही. रक्त कमी असणं, थायरॉइडचं काम वाढलेलं असणं, ताप, काही औषधं, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणं, यानेही धडधडतं. विश्रांतीत असताना वारंवार धडधड होत असेल तर तपासून घ्या. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं यातलं काही सोबत असेल तर "टेन्शन असेल" म्हणत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. खऱ्या आजाराला भावनेचं नाव देणं हीसुद्धा चुकीच्या खात्यावर टाकलेली धडधडच आहे, आणि इथे पंधरा मिनिटं थांबून बघायचं नसतं.